कलमातून शब्दाकडे : माल परतीच्या धोरणाचे संपादन

विकलेली वस्तू कोणत्या परिस्थितीत परत घेतली जाईल, ती बदलून मिळेल की पैसे मिळतील, पैसे मिळणार असतील तर किती आणि केव्हा, हे सांगणारा मजकूर म्हणजे दुकानाचे परतीचे धोरण. इंटरनेटवरून माल विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुकानाला असा मजकूर ठेवावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो एखाद्या मोठ्या दुकानाच्या इंग्रजी मसुद्यावरून उचललेला, मग मराठीत उतरवलेला असतो. ग्राहक तो दोन वेळाच वाचतो : पैसे भरण्यापूर्वी मनात शंका आली तर, आणि घरी आलेली वस्तू मनासारखी निघाली नाही तर. या दोन्ही वेळी त्याला आपल्या बाबतीत काय होईल एवढेच हवे असते, आणि नेमके तेच कायदेशीर वळणाच्या वाक्यांतून त्याच्या हाती लागत नाही.

अशा मजकुराचे संपादन म्हणजे अवघड शब्द काढून सोपे शब्द घालणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. 'योग्य त्या कालावधीत परतावा प्रक्रियेत घेण्यात येईल' या वाक्याऐवजी 'पैसे लवकरात लवकर परत मिळतील' असे लिहिले तर वाक्य सोपे होते, पण ग्राहकाला आधी जेवढे कळत नव्हते तेवढेच नंतरही कळत नाही. कारण किती दिवसांत पैसे द्यायचे हे दुकानानेच ठरवलेले नसते. अशा मजकुरातील अस्पष्ट शब्द हा बहुधा न घेतलेल्या निर्णयावरचा पडदा असतो. म्हणून संपादकाचे पहिले काम शब्द बदलण्याचे नसून प्रत्येक अस्पष्ट शब्दामागचा राहून गेलेला निर्णय शोधण्याचे आणि तो दुकानाकडून घेववण्याचे असते.

हे काम कसे चालते ते एका नमुन्याच्या आधारे पाहणे सोयीचे ठरेल. कोल्हापुरी चपला स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विकणारे एक लहान दुकान कल्पनेने समोर ठेवू. चपलेचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. मापाचा घोळ, हातकामामुळे येणारा फरक आणि वापराच्या खुणा हे परतीतील तिन्ही नेहमीचे वाद तिच्यात एकत्र येतात. या दुकानाच्या धोरणातील मुख्य कलम असे आहे असे मानू :

> सदर वस्तू प्राप्त झाल्यानंतर विहित मुदतीत विनंती सादर केल्यास, कंपनीच्या स्वेच्छानिर्णयाच्या अधीन राहून, व वस्तू न वापरलेली आणि मूळ स्थितीत असल्याची खात्री झाल्यास, परतावा योग्य त्या कालावधीत प्रक्रियेत घेण्यात येईल. मात्र कोणत्याही प्रसंगी वितरण शुल्क परत केले जाणार नाही, तसेच सवलतीच्या दरात विकलेल्या वस्तूंबाबत कोणताही दावा ग्राह्य धरला जाणार नाही.

हक्क आणि सवलत वेगळी करणे

कलमाची भाषा हातात घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक विधान कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे लागते. काही गोष्टी दुकानाने देणे कायद्यानेच बंधनकारक असते, काही गोष्टी दुकान आपखुशीने देते, आणि काही गोष्टी ते देत नाही. कायदेशीर वळणाचा मसुदा या तिन्हींची एकच मोळी बांधतो, त्यामुळे ग्राहकाचा हक्कसुद्धा दुकानाची मेहेरबानी असल्यासारखा दिसू लागतो.

भारतात या बाबतीत दोन मुख्य आधार आहेत. पहिला, ग्राहक संरक्षण कायदा, 2019. या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' अशी एक संज्ञा आहे. ग्राहकाची फसवणूक किंवा अडवणूक करणाऱ्या व्यवहाराच्या रीतींना ती लावली जाते. सदोष माल परत घेण्यास नकार देणे, आणि बिलावर छापलेल्या मुदतीत, किंवा अशी मुदत छापलेली नसल्यास 30 दिवसांत, त्याचे पैसे न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुसरा आधार म्हणजे इंटरनेटवरील व्यापारासाठी केलेले 2020 चे नियम. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याने ती परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देऊ नये, असे हे नियम सांगतात. उशिराच्या बाबतीत पूर किंवा तशाच आवाक्याबाहेरच्या कारणाचा अपवाद तेवढा ठेवलेला आहे.

याउलट वस्तू निर्दोष आहे, वेळेवर आली आहे, पण पसंत पडली नाही किंवा माप चुकीचे मागवले गेले, अशा वेळी ती परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायदा देत नाही. युरोपीय संघात दूरवरून केलेल्या बहुतेक खरेदीला कोणतेही कारण न देता माघार घेण्याची 14 दिवसांची मुदत आहे. भारतात तशी तरतूद नाही. म्हणजे 'पसंत नसेल तर परत करा' हा येथे दुकानाने स्वतःहून दिलेला शब्द असतो. तो द्यायचा की नाही हे दुकानाच्या हाती असले, तरी एकदा जाहीर केल्यावर तो पाळणे त्याच्यावर बंधनकारक होते.

ही विभागणी वरच्या कलमाला लावली की त्यातील दोष भाषेचा न राहता आशयाचा होतो. 'स्वेच्छानिर्णयाच्या अधीन', म्हणजे दुकानाच्या मर्जीवर अवलंबून, ही अट पसंतीच्या परतीला कदाचित लावता येईल. अंगठ्याचा पट्टा उसवलेल्या चपलेला ती लावता येत नाही. सवलतीच्या दरातील वस्तूंचेही तसेच. सवलतीत घेतलेली चप्पल आवडली नाही म्हणून परत घेणार नाही, असे दुकान म्हणू शकते. पण सवलत दिली म्हणून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. 'कोणत्याही प्रसंगी' या दोन शब्दांमुळे कलम कायद्याच्या विरोधात जाते. असे शब्द सोपे करून चालत नाही, ते काढावेच लागतात, आणि संपादकाने हे दुकानाला स्पष्टपणे सांगणे अपेक्षित असते.

कर्ता आणि क्रियापद

विभागणी झाल्यावर भाषेकडे वळता येते. मराठीतील कायदेशीर वळणाची सर्वांत मोठी अडचण 'सदर', 'विहित', 'ग्राह्य' अशा शब्दांत नसून 'घेण्यात येईल', 'केले जाणार नाही', 'खात्री झाल्यास' अशा क्रियापदांत असते. या रचनेत काम होते, पण ते करणारा कोणी दिसत नाही. 'विनंती सादर केल्यास' म्हणजे कोणी, कोणाकडे, कशी सादर करायची? 'खात्री झाल्यास' म्हणजे कोणाची खात्री, ती कधी होणार? प्रत्येक क्रियापदाला कर्ता जोडण्याचा आग्रह धरला की दुकानात न ठरलेल्या गोष्टी एकेक करून उघड्या पडतात. 'आम्ही तपासू' असे लिहायला घेतले की कोण तपासते, हा प्रश्न येतो. आणि चपला आल्यावर त्या कोपऱ्यात पडून राहतात, मालकाला वेळ मिळाला की तो बघतो, हे उत्तर पुढे येते. मुदत ठरत नव्हती ती यामुळे.

मराठीपुरती आणखी एक अडचण लक्षात घ्यावी लागते. 'परत' हा शब्द मराठीत वस्तूलाही लागतो आणि पैशालाही. 'परतीची विनंती मंजूर झाली' हे वाक्य वाचून पैसे मंजूर झाले असे ग्राहक समजतो, तर दुकानाला फक्त चप्पल परत घेण्याची तयारी दाखवायची असते. 'परतावा' हा शब्द तर गुंतवणुकीवरील उत्पन्नासाठीही रुळलेला आहे. म्हणून सुधारलेल्या मजकुरात 'चप्पल परत घेऊ' आणि 'पैसे परत देऊ' असे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग ठरवून ते सगळीकडे तसेच वापरणे हिताचे ठरते. तिसरी शक्यता 'बदलून देऊ' ही, आणि चौथी 'क्रेडिट नोट', म्हणजे पैशांऐवजी पुढच्या खरेदीत वळती होणारी तेवढ्या रकमेची चिठ्ठी. कपड्यांच्या दुकानांत ही चिठ्ठी सर्रास दिली जाते, आणि 'परतावा' या मोघम शब्दाखाली ती खपून जाते. वस्तू सदोष असेल तर ग्राहकाला पैसेच हवे असू शकतात. म्हणून चिठ्ठी ही त्याच्या निवडीची गोष्ट आहे, असे धोरणात लिहिलेले असणे आवश्यक ठरते.

संबोधनाचाही विचार करावा लागतो. 'आपण' हा शब्द आदरार्थी असला तरी तो समोरच्यालाही लागतो आणि बोलणाऱ्यासह दोघांनाही, त्यामुळे 'खर्च आपण करायचा' या वाक्यातून खर्च कोणाचा हे ठरत नाही. दुकानासाठी 'आम्ही' आणि ग्राहकासाठी 'तुम्ही' ही जोडी कमी अदबीची वाटली तरी पैशाच्या व्यवहारात तीच बिनचूक ठरते.

दिवस कोठून कोठपर्यंत

परतीच्या धोरणातील बहुतेक भांडणे दिवसांच्या मोजणीवरून होतात. '10 दिवसांत परत करा' असे लिहिले तरी ते दिवस मागणी नोंदवल्यापासून, माल निघाल्यापासून की घरी आल्यापासून मोजायचे, आणि त्या मुदतीत नुसते कळवायचे की चप्पल दुकानात पोहोचली पाहिजे, हे उरतेच. चार दिवस कुरिअरच्या गाडीत गेले तर मुदत कोणाची संपते? यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे नियमाला लागूनच एक तारीख देणे : चप्पल 6 तारखेला घरी आली, तर 16 तारखेच्या रात्री 12 वाजेपर्यंत कळवावे, कळवले की मुदत पाळली गेली. एका वाक्यातील हे उदाहरण तीन वाक्यांच्या व्याख्येपेक्षा जास्त काम करते, कारण ते वाचल्यावर पहिला दिवस धरायचा की नाही हा वादही राहत नाही.

पैसे परत देण्याची मुदत याहून गुंतागुंतीची असते. समजा नागपूरच्या ग्राहकाने 16 तारखेला कळवले. कुरिअरचा माणूस 18 तारखेला चप्पल घेऊन गेला आणि ती 23 तारखेला कोल्हापूरला पोहोचली. दुकानाने तपासून 26 तारखेला पैसे पाठवले. मूळ पैसे कार्डाने भरलेले असतील, तर ते त्याच कार्डावर बँकेमार्फत जमा होण्यास साधारण पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात; म्हणजे पुढच्या महिन्याचे पहिले दिवस उजाडतात. दुकानाने मात्र '7 दिवसांत परतावा' असे लिहून ठेवलेले असते आणि त्याच्या मनात ते सात दिवस तपासणीनंतरचे असतात. ग्राहक कळवल्यापासून मोजतो, आणि 24 तारखेला त्याचा विश्वास उडतो. येथे कोणी खोटे बोललेले नसते, फक्त दोघांच्या मोजणीची सुरुवात निराळी असते.

यातून मार्ग काढताना दुकानाच्या हातातील काळ आणि बाहेरचा काळ वेगळा दाखवावा लागतो. तपासून पैसे पाठवण्याची मुदत हे दुकानाचे वचन असू शकते. कुरिअर आणि बँक यांचा काळ हा अंदाज असतो, आणि तो अंदाज म्हणूनच सांगितला पाहिजे. वचनातील आकडा ठरवताना मागच्या काही महिन्यांच्या परतींच्या नोंदी काढून पाहाव्यात आणि सरासरी न धरता संथ दिवसांतही पाळता येईल असा आकडा घ्यावा. एरवी दोन दिवसांत होणारी तपासणी दिवाळीच्या गर्दीत चार दिवसांवर जात असेल, तर 'दोन दिवस' हे वर्षभर न टिकणारे वचन आहे; 'पाच कामकाजाचे दिवस' हे कमी आकर्षक असले तरी खरे आहे. पैसे पाठवताच व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ग्राहकाला कळवण्याची सोयही धोरणातच नमूद करावी, कारण तो क्रमांक हाती असेल तरच ग्राहकाला स्वतःच्या बँकेत चौकशी करता येते.

किती पैसे हातात पडणार

'वितरण शुल्क परत केले जाणार नाही' या वाक्याचा अर्थ ग्राहकाला तेव्हाच कळतो जेव्हा ते आकड्यांत उतरते. चपलेची किंमत 1,450 रुपये आणि घरपोच पाठवण्याचे 80 रुपये, असे ग्राहकाने एकूण 1,530 रुपये भरले असे धरू. चप्पल सदोष असेल किंवा भलतीच पाठवली गेली असेल, तर चूक दुकानाची; अशा वेळी पूर्ण 1,530 रुपये द्यायचे आणि परत मागवण्याचा कुरिअरखर्चही दुकानाने सोसायचा, हेच न्याय्य ठरते. चप्पल निर्दोष असून ग्राहकाला पसंत पडली नाही, तर पाठवणीचे 80 रुपये खर्च झालेले असतात आणि परत आणण्याचे सुमारे 90 रुपये आणखी लागतात. दुकानाने हे दोन्ही ग्राहकाकडे ठेवायचे ठरवले तर त्याच्या हाती 1,360 रुपये पडतील. ही वजावट पुष्कळ ग्राहक मान्य करतात. ती आधी न सांगता नंतर कापली गेली, तर मात्र तीच रक्कम फसवणुकीसारखी भासते.

जोड-सवलतीचे गणित याहून फसवे असते. दोन जोड घेतल्यास दहा टक्के सूट, अशी योजना असताना ग्राहकाने 1,450 आणि 1,550 रुपयांचे दोन जोड घेतले, तर 3,000 रुपयांऐवजी त्याने 2,700 रुपये भरले. आता पहिला जोड त्याने परत केला. सूट दोन्ही जोडांवर सारखी विभागली तर त्याला 1,305 रुपये मिळतील. एकच जोड उरल्याने सूटच रद्द झाली असे मानले, तर उरलेल्या जोडाचे पूर्ण 1,550 वजा होऊन फक्त 1,150 मिळतील. दोन्ही पद्धतींचे समर्थन करता येते, पण त्यांत 155 रुपयांचे अंतर आहे. मूळ कलम याबाबत गप्प आहे, आणि त्याच्या या मौनामुळे दुकानातील हिशेब पाहणारा एका ग्राहकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा हिशेब लावण्याची शक्यता राहते. संपादकाने येथे एकच पद्धत ठरवून घ्यावी आणि उदाहरणासह लिहावी.

रोख देऊन माल ताब्यात घेतला असेल, तर मूळ मार्गाने पैसे परत जाऊ शकत नाहीत. ते यूपीआयने किंवा बँक खात्यात पाठवावे लागतात. त्यासाठी ग्राहकाकडून खात्याचा तपशील मागवला जातो, आणि परतीच्या नावाखाली फसवणूक करणारे नेमकी हीच वेळ साधतात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. म्हणून 'आम्ही तो कधीही मागणार नाही' हे वाक्य परतीच्या धोरणात असणे उपयुक्त ठरते.

ग्राहकाला पडताळता येईल अशी अट

मर्यादा घालणे हा दुकानाचा अधिकार आहे. प्रश्न ती कशी सांगितली जाते हा आहे. 'न वापरलेली' आणि 'मूळ स्थितीत' या अटींचा निवाडा दुकान करते, पण ग्राहकाला तो आधी करता येत नाही. चप्पल पायात न घालता माप कसे कळणार? म्हणून अटीचे रूपांतर घरच्या घरी करता येणाऱ्या पडताळणीत करावे लागते. घरात, सतरंजीवर चालून बघा. तळाला माती, फरशीचे ओरखडे किंवा पाण्याचे डाग नसतील तर चप्पल न वापरलेली धरू, असे लिहिले की ग्राहक आणि तपासणारा कामगार एकाच मापाने मोजू लागतात.

रंगातील फरकाबद्दलही हेच लागू पडते. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते, त्यामुळे दोन कातड्यांची छटा तंतोतंत सारखी येत नाही. 'रंगातील फरकास कंपनी जबाबदार नाही' हे वाक्य संशय वाढवते. त्यामागचे कारण सांगून, छटेतला थोडा फरक हा दोष धरत नाही पण काळ्याऐवजी तपकिरी जोड आला तर ती आमची चूक, असे लिहिले की मर्यादेची दोन्ही टोके दिसतात. मापावर खास बनवून घेतलेल्या जोडाला पसंतीची परत नाही, हेही असेच कारणासह सांगता येते. सदोष शिलाईचा हक्क त्यालाही लागू राहतो, हे मात्र सोबत लिहावे लागते.

अलीकडे पुष्कळ दुकाने खोके उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर कोणतीही तक्रार ऐकणार नाही, अशी अट घालतात. खोट्या तक्रारींचा त्रास खरा असला तरी सदोष माल परत घेण्याच्या नियमात असा अपवाद नाही, आणि कच्ची शिलाई खोके उघडताना दिसतही नाही. ती चार दिवसांनी उसवते. त्याऐवजी दोष दिसेल असे दोन फोटो मागवणे आणि खोके उघडताना व्हिडिओ घेतल्यास तपास लवकर होईल असे सुचवणे, हा मध्यम मार्ग ठरतो.

सोपी भाषा आणि कायद्याचे भय

या टप्प्यावर दुकानाचा सल्लागार बहुधा हरकत घेतो की सोप्या भाषेत लिहिल्यास दुकान अडचणीत येईल. अनुभव आणि तत्त्व दोन्ही याच्या उलट आहेत. कराराच्या अर्थाचा वाद उद्भवला आणि शब्दांतून दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरावा, असे कायद्याचे एक जुने तत्त्व आहे. एकतर्फी छापील अटींच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे ठरते. म्हणजे मोघमपणाचा धोका शेवटी दुकानाच्याच पदरी येतो. अमेरिकेतील सिटीबँकेने 1970 च्या दशकाच्या मध्यास आपल्या वैयक्तिक कर्जाचा रोखा सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहिला. त्या वेळी कर्ज थकीत ठरवण्याची लांबलचक यादी तपासली असता तिच्यातील पुष्कळ कारणे बँकेला प्रत्यक्षात लागत नसल्याचे दिसले, आणि ती गाळली गेली. सोपे लिहिताना गरज नसलेले कलम उघडे पडते, हा त्या प्रयोगाचा धडा परतीच्या धोरणालाही लागू आहे.

सल्लागाराची हरकत टाळण्यासाठी काही दुकाने वर सोपा सारांश आणि खाली मूळ कायदेशीर मजकूर ठेवतात, आणि शेवटी लिहितात की दोहोंत फरक पडल्यास खालचा मजकूर प्रमाण. याने सारांशाची किंमत शून्य होते. मजकूर एकच असावा, आणि तोच बंधनकारक असावा. 'पूर्वसूचनेशिवाय अटी बदलण्याचा अधिकार' या कलमाऐवजी, मागणी नोंदवली त्या दिवशीचे धोरण त्या मागणीला लागू राहील, असे लिहिणे पुरेसे असते. कायद्याने द्यावीच लागणारी माहिती, म्हणजे दुकानाचे कायदेशीर नाव व पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, ही सोप्या वाक्यांतही तितकीच नीट बसते.

एवढे निर्णय झाल्यावर मूळ कलमाचे रूप पुढीलप्रमाणे होते :

> चप्पल फाटकी, उसवलेली किंवा मागवली त्याहून वेगळी आली, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आली, तर आम्ही ती आमच्या खर्चाने परत घेऊ आणि तुम्ही भरलेले सगळे पैसे, पाठवणीच्या खर्चासह, परत देऊ. तुम्हाला हवे असेल तर पैशांऐवजी दुसरा जोड देऊ. सवलतीत घेतलेल्या चपलेलाही हे लागू आहे. पूर किंवा तशाच आमच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला, तर तसे लगेच कळवू.
>
> चप्पल चांगली आहे पण पसंत नाही, तरी चालेल. घरी आल्यापासून 10 दिवसांत कळवा; 6 तारखेला आली तर 16 तारखेच्या रात्री 12 वाजेपर्यंत. घरात सतरंजीवर चालून बघा. तळाला माती, ओरखडे किंवा पाण्याचे डाग नसले की झाले. या वेळी पाठवणीचे 80 आणि परत आणण्याचे 90 रुपये वजा होतील : 1,530 रुपये भरले असतील तर 1,360 मिळतील. सवलतीतले आणि मापावर बनवलेले जोड पसंतीसाठी परत घेत नाही.
>
> चप्पल आमच्याकडे पोहोचल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत आम्ही ती तपासून पैसे पाठवू आणि संदर्भ क्रमांक कळवू. कार्डावर पैसे दिसायला बँकेला साधारण पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात. आम्ही पिन किंवा ओटीपी कधीही मागत नाही.

हा मजकूर मूळ कलमापेक्षा लांब आहे, आणि ते स्वाभाविक आहे. मूळ कलम आखूड होते कारण त्यात उत्तरे नव्हती. नवा मजकूर वाचकापर्यंत पोहोचला की नाही हे 'समजले का' असे विचारून कळत नाही, कारण बहुतेक लोक भिडेखातर होकार देतात. चार-पाच अनोळखी वाचकांना एकेक प्रसंग द्यावा : चप्पल 6 तारखेला आली, आज 15 तारीख आहे, अंगठ्यात घट्ट होते, 1,530 रुपये भरले होते, किती पैसे मिळतील आणि दुकान ते केव्हा पाठवेल? हाच प्रसंग दुकानात फोन घेणाऱ्याला आणि माल तपासणाऱ्यालाही द्यावा. वाचकांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर दोष वाक्यात आहे. वाचकांची जुळली आणि दुकानातल्या माणसांची जुळली नाहीत, तर दुकानाने न पाळता येणारे वचन लिहिले आहे, आणि मग वाक्य नव्हे तर काम बदलावे लागते.

शेवटची तपासणी संकेतस्थळाबाहेर करावी लागते. मागणी नोंदवल्यावर जाणारा संदेश, खोक्यातील चिठ्ठी आणि बिल यांवरील मजकूर धोरणाशी जुळला पाहिजे. पुष्कळ दुकानांची बिलबुके वर्षानुवर्षे त्याच छापखान्यातून येतात आणि त्यांच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ ठरलेली असते. सदोष मालाच्या बाबतीत ती ओळ कायद्यापुढे टिकत नाही आणि नव्या धोरणातील पहिल्याच परिच्छेदाला खोटे पाडते. माल घरी आल्यावर ग्राहकाच्या हातात बिल असते, धोरण नव्हे. म्हणून ती ओळ काढून तिच्या जागी 10 दिवसांची मुदत आणि फोन क्रमांक छापल्याशिवाय हे संपादन पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.